आयलेटचे पडदे सारल्यावर काच झाकतात, हूक-रिंगचे शिवायला हवे होते का?

खिडकीवाली

मंडळी, पडद्यांनी वैताग आणलाय. दिवाणखान्याची खिडकी १८० सेंमी रुंद आहे. रॉड दोन ब्रॅकेटच्या मध्ये २३० सेंमी, म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूंना २५-२५ सेंमी भिंत मोकळी. दोन पडदे, मधोमध मिळणारे. आधी चुण्यांचे होते, हूक आणि रॉडवरच्या रिंगा असलेले. ते जुने झाले म्हणून नवे शिवताना आयलेट घातले, म्हणजे कापडातच बसवलेल्या रिंगा, ज्यांतून रॉड ओवतात. शिवणाऱ्या दादांनी सांगितलं की आयलेटचा पडदा एकदम मऊ सरकतो आणि चिमटीत मावेल इतका गोळा होतो.

प्रत्यक्षात सकाळी पडदा सारला की गठ्ठा ३५ सेंमीचा होतो. दोन्ही बाजूंनी १०-१० सेंमी काच झाकलेलीच राहते. हाताने दाबून धरला तर जातो, सोडला की स्प्रिंगसारखा परत. शिवाय शेवटचा वीतभर तर जोर लावून ढकलावा लागतो. कापड मध्यम जाड आहे, आतून अस्तर आहे.

आयलेट काढून परत हूक लावावेत का? की मी काही चुकतेय?

निवांत_नाना

आमच्याकडे आयलेटच आहेत, दहा वर्षं झाली. काही त्रास नाही. पातळ कापड घ्यायला हवं होतं तुम्ही.

अर्धाफूट

एका पडद्याला रिंगा किती आहेत ते मोजा ताई. विषम असतील तर पडदा नीट सरकणारच नाही. आयलेट कायम सम हवेत. १३ असतील तर तिथेच चूक आहे.

खिडकीवाली

मोजल्या. १४ आहेत प्रत्येकी.

सुईदोरा

सम-विषमचा सरकण्याशी संबंध नाही हो अर्धाफूट. कापड रॉडच्या मागून सुरू होतं, पहिल्या रिंगेतून पुढे येतं, दुसरीतून मागे जातं. रिंगा सम असल्या की दोन्ही कडा मागे, भिंतीकडे राहतात. विषम असल्या तर एक कड खोलीकडे तोंड करून उभी राहते आणि मधल्या जागी ती कानासारखी दिसते. दिसायला वाईट, पण सरकायला तितकंच सोपं किंवा अवघड.

खिडकीवाली, मला दोन मापं हवीत. एक म्हणजे भिंतीपासून रॉडच्या मध्यापर्यंतचं अंतर. दुसरं म्हणजे एका रिंगेच्या मध्यापासून शेजारच्या रिंगेच्या मध्यापर्यंतचं, पडदा सपाट ताणून धरून मोजलेलं. टेपने मोजा, अंदाजाने नको.

अर्धाफूट

हो, कड मागे राहते हे बरोबर. मी सरकण्याचं ऐकून होतो.

मोगरा_७

थोडं अवांतर, पण आयलेटच्या पडद्याला वरून उजेड येतो का? मला झोपायच्या खोलीसाठी अगदी अंधार हवाय.

सुईदोरा

येतो. लाटा पुढे-मागे असतात, त्यामुळे वरून पाहिलं तर प्रत्येक लाटेत एक पोकळी दिसेल. भिंतीवर रॉडच्या वर उजेडाचे चट्टे पडतात. रिंगांचा पडदा रॉडच्या खाली लटकतो, तिथेही वरच्या फटीतून उजेड येतोच. वेगळा धागा काढा, इथे विषय वाहून जाईल.

खिडकीवाली

मोजलं. भिंत ते रॉडचा मध्य साडेसहा सेंमी. रिंग ते रिंग १६ सेंमी. जुन्या पडद्यांचेच ब्रॅकेट आहेत, रॉडही तोच.

सुईदोरा

मग तुमचं दुखणं सापडलं. कापडाचा दोष नाही, शिवणाराचाही फारसा नाही.

एक करून पाहा. पडदा अर्धवट सारा, स्टुलावर चढा आणि वरून खाली बघा. दोन रिंगांच्या मध्ये १६ सेंमी कापड आहे. पडदा सारताना त्या दोन रिंगा एकमेकींजवळ येतात आणि मधलं कापड दुमडतं. पूर्ण दुमडलं की त्याचं निम्मं, म्हणजे ८ सेंमी, रॉडपासून बाहेर निघतं. एक घडी खोलीकडे ८ सेंमी, पुढची भिंतीकडे ८ सेंमी, पुन्हा एक खोलीकडे. आता भिंतीकडे तुमच्याकडे जागा किती? साडेसहा. म्हणजे मागच्या प्रत्येक घडीचं नाक भिंतीवर आपटतं, वाकतं आणि पसरतं. घडी मिटतच नाही. ती मिटत नाही म्हणून दोन्ही बाजूंच्या रिंगा जवळ येत नाहीत.

तुमचं ३५ भागिले १४ करा, एका रिंगेला अडीच सेंमी पडतात. अस्तराच्या मध्यम कापडाला रिंगेमागे दोनच्या आतबाहेर पुरतात. वरची वाढ भिंतीने दिलेली आहे. आणि हात सोडल्यावर पडदा स्प्रिंगसारखा परत येतो तो कापडामुळे नाही, भिंत त्याला ढकलते म्हणून.

पडदा लावलेला असताना हे जाणवत नाही, कारण तेव्हा रिंगा आठेक सेंमीवर असतात, घडी अर्धवट उघडी असते आणि मागे जेमतेम सहा-साडेसहा जाते. म्हणून दादांनी टांगून, लावून दाखवला तेव्हा छान दिसला असणार.

खिडकीवाली

अय्या, हो! वरून बघितलं. मागच्या घड्या भिंतीला चिकटून चपट्या झाल्यात, पुढच्या मात्र छान गोल आहेत. भिंतीच्या रंगावर रिंगांच्या खाली काळपट रेघाही उमटल्यात, मी म्हणत होते हे कसले डाग.

पण मग जुने पडदे याच ब्रॅकेटवर कसे नीट बसायचे?

सुईदोरा

कारण चुण्यांचा पडदा रॉडच्या खाली लटकतो आणि त्याची मागे जाणारी घडी लहान असते. तुमच्या जुन्या पडद्यात एका चुणीपासून दुसरीपर्यंत सपाट पट्टी किती होती आठवतं? साधारण ११ सेंमी धरू. पडदा सारला की हूक जवळ येतात, ती ११ ची पट्टी मधोमध दुमडते आणि साडेपाच सेंमी मागे जाते. साडेसहात आरामात मावली. चुणी स्वतः पुढे असते, बोटभरच.

म्हणजे आयलेटला मागे जास्त जागा लागते, चुणीला तितकी लागत नाही. रुंदीच्या बाबतीत मात्र चुणी भारी पडते, कारण तीन बोटांची, म्हणजे तीन घड्यांची, चुणी शिवून बंद केलेली असते. ती सारल्यावर आणखी मिटत नाही. अडीच-तीन सेंमी जागा प्रत्येक चुणी घेणारच, वर बकरमची कडक पट्टी आहे. ११ चुण्यांचा गठ्ठा तीसच्या आसपास गेला तर नवल नाही. तुमचे जुने पडदे किती गोळा व्हायचे?

खिडकीवाली

मोजलं नव्हतं कधी. थोडी काच झाकली जायची, पण इतकी नाही. आणि त्यांना सरकवताना रिंगा खडखडायच्या, ते वेगळंच.

पेलमेट

मी सुईदोरांशी सहमत नाही. माझ्या माहितीप्रमाणे हूकच्या पडद्यात मधल्या पट्ट्या नेहमी पुढे येतात, मागे नाही. आमच्या हॉलमध्ये तसंच आहे. मग मागच्या जागेचा प्रश्नच कुठे येतो?

सुईदोरा

तुमचा पडदा रॉड झाकतो का? म्हणजे वरची पट्टी रॉडच्या पुढे उभी आहे का?

पेलमेट

हो, ट्रॅक आहे आमच्याकडे. पडद्याने तो पूर्ण झाकलाय.

सुईदोरा

तेच. शिवताना हूक खाली लावला की वरची पट्टी ट्रॅकच्या पुढे उभी राहते. पट्टीला मागे दुमडायला गेलं तर ट्रॅक आडवा येतो, म्हणून ती पुढेच येते. रॉडवरच्या रिंगांना हूक अगदी वरच्या कडेजवळ लावतात, पडदा रिंगेच्या खाली राहतो, मागे काही अडत नाही, आणि पट्टी मागे जाते. दोन्ही प्रकार बरोबर आहेत, तुमचा ट्रॅकचा आहे.

पेलमेट

हं. मग रिंगांच्या पडद्यात पट्टी आपोआप मागे जाते की सवय लावावी लागते?

सुईदोरा

लावावी लागते. बकरम कडक असतं, मनाला येईल तशी एक पट्टी पुढे, एक मागे जाते, आणि मग गठ्ठा पाचेक सेंमीने सहज वाढतो. नवा पडदा टांगला की प्रत्येक पट्टी मधोमध बोटाने दाबून बकरमला मागच्या बाजूला घडी मोडायची. मग पडदा पूर्ण सारून, चुण्या वरपासून खालपर्यंत सरळ धरून, कापडाच्या पट्टीने तीन ठिकाणी सैल बांधायचा आणि तीन-चार दिवस तसाच ठेवायचा. सुतळीने आवळू नका, वळ उठतात. माझ्या खोलीतला ११ चुण्यांचा पडदा पहिल्या दिवशी ३१ सेंमी होता, सोडला तेव्हा २७.

निवांत_नाना

चार दिवस खिडकी उघडी? शेजारी काय म्हणतील 😀

गच्चीवरून

माझा प्रश्न थोडा वेगळा. एका बाजूला कपाट आहे, म्हणून दोन पडदे न ठेवता एकच मोठा आयलेटचा पडदा सगळाच्या सगळा डावीकडे सारायचा असा विचार आहे. रॉड अडीच मीटर. मध्ये ब्रॅकेट आहे. चालेल ना?

सुईदोरा

नाही चालणार. आयलेट रॉडभोवती पूर्ण बंद असतो, मधलं ब्रॅकेट ओलांडू शकत नाही. साध्या गोल रिंगांचंही तेच. मधोमध मिळणाऱ्या दोन पडद्यांत हे कळत नाही, कारण प्रत्येक पडदा आपल्या अर्ध्या भागातच फिरतो. तुम्हाला एकतर मधल्या आधाराशिवाय तोलेल असा जाड रॉड हवा, नाहीतर मागून उघड्या रिंगा आणि त्यांना वाट देणारं ब्रॅकेट. अशा रिंगांना हूकचा पडदाच लागतो, आयलेट तिथे बाद. शिवाय सगळं कापड एका बाजूला आलं की गठ्ठाही दुप्पट. तेवढी भिंत डावीकडे आहे का ते आधी बघा.

गच्चीवरून

डावीकडे ४० सेंमी आहे.

सुईदोरा

मग अस्तर नसलेलं पातळ कापड घ्या, नाहीतर थोडी काच सोडून द्या.

पेटीकोट_काका

सरकण्याबद्दल कुणी बोललंच नाही. माझा अनुभव: आयलेट मऊ सरकतात हे अर्धसत्य आहे. आमच्या घरी सगळेजण पडद्याची खालची कड धरून ओढतात. त्याने पहिली रिंग तिरकी होते, तिची वरची कड रॉडला चावते, आणि मग जितका जोर लावाल तितकी ती आणखी चावते. हूकच्या रिंगेचं तर त्याहून वाईट, ती रॉडवर मोकळी असते, पटकन कलंडते. मी पुढच्या कडेला, पडद्याच्या मागे, एक पातळ काठी पहिल्या रिंगेजवळ अडकवून दिली. काठीने ओढलं की ओढ रॉडला समांतर जाते. आता शेंबडं पोरही सारतं.

आणि रिंगेचं आतलं माप रॉडपेक्षा सेंटीमीटरभर तरी मोठं हवं. २५ मिमीच्या रॉडवर ४० मिमीची रिंग छान चालते. ३५ च्या जाड लाकडी रॉडवर तीच ४० ची रिंग अडकत अडकत जाते, ते मी भोगलंय.

सुईदोरा

काकांशी सहमत, एक सोडून. आयलेटमध्ये ओढ एका रिंगेकडून दुसरीकडे कापडातून जाते. पुढची रिंग निघाली, मधली घडी उघडली, मग दुसरी निघाली. म्हणून लाटा सारख्या राहतात, हात लावावा लागत नाही. चुण्यांच्या पडद्यात रिंगा नुसत्या टांगलेल्या असतात, त्यामुळे दोन-तीन एकत्र गोळा होतात आणि मध्येच एक मोठी झोळ पडते. कलंडण्यात मला दोन्ही सारखेच वाटतात. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या रिंगा घेतल्या तर हूकचा पडदा आवाजही करत नाही आणि चावतही नाही.

पेटीकोट_काका

मला नाही पटत, पण असो. तुमच्या रिंगा नव्या असतील.

खिडकीवाली

मी दोन गोष्टी विचारते. एक, ब्रॅकेट बदलले तर किती लांब घ्यायचे? दोन, आयलेट कापून चुण्या शिवता येतील का?

सुईदोरा

ब्रॅकेट: ८ च्या घडीला ९ सेंमी मोकळी जागा हवी, म्हणजे भिंत ते रॉडचा मध्य किमान ९. खिडकीची मूठ पुढे आलेली असेल तर भिंतीपासून नाही, मुठीच्या टोकापासून मोजा. पडदा तिथून जाताना तिलाच अडतो.

एक लक्षात ठेवा, हात लांब झाला की वरच्या स्क्रूवर ओढ वाढते. अस्तराचे पडदे जड असतात. एका स्क्रूचं ब्रॅकेट नको, दोन स्क्रूचं घ्या, आणि जुन्याच भोकात प्लग सैल होत असेल तर भोक थोडं सरकवा.

आयलेट कापायचे तर वरून दहा-बारा सेंमी कापड जातं, कारण भोकं असलेली सगळी पट्टी जाते. पडदा जमिनीपासून तेवढा वर उचलला जाईल. खाली दुमड भरपूर सोडली असेल तर ती उसवून भरून निघेल. बघा किती आहे ते.

खिडकीवाली

खाली ८ सेंमी दुमड आहे. म्हणजे नाही पुरणार. ब्रॅकेटच बदलते.

अर्धाफूट

किंवा मागच्या घड्यांना पुढे ओढून ठेवा, म्हणजे भिंतीला लागणार नाहीत. एक-दोन दिवसांत सवय होईल.

सुईदोरा

आयलेटमध्ये कापड रॉडच्या मागूनच जातं, पुढे आणणार कसं? ती चुण्यांच्या पडद्याची युक्ती आहे.

अर्धाफूट

खरंय. डोक्यात ते गुंतलं.

खिडकीवाली

(दहा दिवसांनी) अपडेट. ब्रॅकेट बदलले, रॉडचा मध्य आता भिंतीपासून ९.२ सेंमी. उजवा पडदा सारला की २७ सेंमी! काचेवर फक्त दोन बोटं. हात सोडला तरी परत येत नाही. भिंतीवरचे डाग पुसले.

डावा मात्र अजून रुसलाय. गठ्ठा २८ होतो, ते ठीक, पण सारताना मधेच, मधापासून सुमारे ३० सेंमीवर, पहिली रिंग टक्क करून थांबते. उचलून पुढे न्यावी लागते.

पेटीकोट_काका

रॉड आत-बाहेर सरकणारा, दोन नळ्यांचा आहे का? बारीक नळी जाड नळीत जाते तो?

खिडकीवाली

हो, तसाच आहे.

पेटीकोट_काका

मग ती जोडाची पायरी आहे. रिंग बारीक नळीवरून जाड नळीवर चढते तिथे अडते. उलट दिशेने येताना काही होत नाही, पाहा. आधीही असणारच, जुन्या रिंगा मोठ्या असतील म्हणून जाणवली नसेल.

खिडकीवाली

अगदी! लावताना अडत नाही, सारतानाच अडते.

पेटीकोट_काका

जोड मधोमध आणा, जिथे दोन पडदे मिळतात तिथे. तिथून एकही रिंग पार जात नाही. मधापर्यंत पोचेल अशी जाड नळी घेता येत नसेल तर निदान जोडावर पातळ चकचकीत पट्टी गुळगुळीत चिकटवा, आणि नळ्यांवरून मेणबत्ती घासून कोरड्या फडक्याने पुसा. तेल लावू नका, धूळ धरतं आणि रिंगा काळ्या होतात.

सुईदोरा

जोड मधोमध, हे मला सुचलं नव्हतं. पण मग एक पडदा जाड नळीवर, एक बारीकवर. बारीक नळीवर रिंग जास्त खाली लटकेल, दोन पडद्यांची खालची कड एक-दोन मिमीने वर-खाली दिसेल.

पेटीकोट_काका

दिसेना का. जमिनीपासून १ सेंमी वर असेल तर कुणाला कळतंय.

मोगरा_७

मला कळतं 😐

खिडकीवाली

जोड मधे आणायला उद्या यांना शिडी धरायला लावते. झोपायच्या खोलीत रॉड भिंतीला अगदी टेकून आहे, ५ सेंमी, आणि तिथे ब्रॅकेट बदलता येत नाही, वर लाकडी पट्टी आहे. तिथे आता चुण्यांचेच शिवू ना? तिथे काचेच्या बाजूला ३० सेंमी भिंत आहे.

सुईदोरा

५ मध्ये ११ ची पट्टी पण अडेल, साडेपाच लागतात. चुण्या जवळ घ्यायला सांगा, पट्टी ८-९ ठेवायची. मग मागे साडेचारच जाईल, पण चुण्या वाढतील, ११ च्या ऐवजी १३-१४. तीन बोटांच्या चुणीने तेवढ्यात गठ्ठा ३५ च्या पुढे जाईल, म्हणून दोन बोटांची घ्या. ती दोन सेंमीत बसते. १४ चुण्या, २८. बाहेरच्या कडेला एक जादा रिंग, ब्रॅकेटच्या पलीकडे.

खिडकीवाली

म्हणजे एका पडद्याला १५ रिंगा. विषम चालतील ना? 😄

अर्धाफूट

मी काही बोलत नाही.